चौथ्या उत्तरपत्रिकेचे चार गुण

पुनर्तपासणीचा अर्ज आलेली उत्तरपत्रिका लेकीने सकाळपासून पाच वेळा वाचली होती. आता दुपारचे तीन वाजले होते, आणि ती आप्पांच्या टेबलासमोर उभी होती.

आप्पा, म्हणजे तिचे वडील, चाळीस वर्षं कॉलेजच्या गणित विभागात शिकवून निवृत्त झालेले. यंदाचा पेपर त्यांनीच काढला, आदर्श उत्तरंही त्यांचीच. लेक त्याच विभागात शिकवते, तपासणीही तिनेच केली. ही उत्तरपत्रिका लिहिणारी मुलगी तीन गुणांनी नापास झाली होती. पाचच्या आत निकाल दुरुस्त झाला नाही, तर तिचा पुढचा प्रवेश गेला आणि वर्ष वाया. दुरुस्तीच्या फॉर्मवर पेपर काढणाऱ्याची सही लागते, हा नियम.

"काय गं मास्तरीणबाई, आज भर दुपारी?"

तिने प्रश्न पुढे ठेवला: ही पदं पुढे पुढे ज्या संख्यांच्या जवळ जात राहतात, त्यांतली सगळ्यांत मोठी (लिम सुप) आणि सगळ्यांत लहान (लिम इन्फ) काढा.

aₙ = (−1)ⁿ(1 + 1/n) + sin(nπ/2)

"ह्याचं लिम सुप आणि लिम इन्फ. तुम्ही दोन आणि वजा दोन दिलंय."

"मग? पहिल्या भागाचं लिम सुप एक, साईनचं एक. झाले दोन. खाली तसंच, वजा दोन. ह्यात डोकं काय फोडायचं?"

"ह्या मुलीने एक आणि वजा दोन लिहिलंय."

"अर्धवट शहाणी!" आप्पा हसले. त्यांच्या हसण्याने तिला कसंतरीच झालं. ह्याच माणसाने तिला बोट धरून बेरीज शिकवली होती. त्यांना चूक दाखवायची म्हणजे स्वतःच्याच जिभेला चटका लावून घेण्यासारखं होतं.

"आप्पा, दोनच्या जवळ जाणारं एक तरी पद काढून दाखवा."

आप्पांनी कागद ओढला. एन एक घेतला, पद आलं वजा एक. दोन, दीड. तीन, वजा सात तृतीयांश. चार, सव्वा. पाच, वजा एक पंचमांश. पेन्सिल थांबली. मग त्यांनी स्वतःच चार ओळी आखल्या, कोणी न सांगता, अगदी त्या मुलीने आखल्या होत्या तशा. एनला चाराने भागून बाकी शून्य उरली, की पदं एककडे जातात. बाकी एक, शून्याकडे. बाकी दोन, पुन्हा एककडे. बाकी तीन, वजा दोनकडे.

"कुठलाही एन ह्या चारांतच येणार," आप्पा हळूच म्हणाले. "म्हणजे उपक्रमिकांच्या, ह्या चार ओळींच्या, सीमा तीनच. एक, शून्य, वजा दोन. सगळ्यांत मोठी एक, सगळ्यांत लहान वजा दोन."

"हो."

"पहिला भाग वर असतो तो समसंख्येला. साईन वर जातो विषमाला. दोघं एकदम कधी वर येतच नाहीत. खाली मात्र बाकी तीनला बरोबर जातात, म्हणून खालचं उत्तर जुळलं आणि मला शंकाही आली नाही." त्यांनी चष्मा काढला. "बेरीज केली की फक्त कमाल मर्यादा मिळते गं, उत्तर नाही. जन्मभर हेच ओरडत आलो पोरांवर."

त्यांचे डोळे भरून आले. लेकीने फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात तिने आधीच भरून आणलं होतं: छपाईतील चूक.

आप्पांनी वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी. लोक काय म्हणतील, आप्पा... शेवटचा पेपर तुमचा."

"छापणाऱ्याने काय घोडं मारलंय?" त्यांनी ते शब्द खोडले आणि स्पष्ट अक्षरात लिहिलं: आदर्श उत्तर चुकीचे. चूक माझी. मुलीच्या उत्तराचे पूर्ण गुण द्यावेत. खाली सही केली.

मग ते उत्तरपत्रिका पुन्हा उघडून बसले. मुलीने चारही ओळी लिहिल्या होत्या, प्रत्येकीची सीमा काढली होती, ह्या चार सोडून पाचवी ओळ होत नाही हेसुद्धा सांगितलं होतं. शेजारी लाल शाईत, सहापैकी दोन.

"चार गुण कापलेत," आप्पा म्हणाले. "इतकं नीट लिहिलेलं कापलं कोणी?"

लेकीचा चेहरा उतरला. तिला तो दिवस आठवत होता. ऐंशी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातली ही वरून चौथी. आदर्श उत्तर समोर उघडं होतं, वर आप्पांचं नाव. तिने फक्त शेवटची ओळ पाहिली आणि पुढची उचलली.

"मी," ती म्हणाली. "तुमचं उत्तर होतं म्हणून तिचं वाचलंच नाही."

आप्पा काही रागावले नाहीत. त्यांनी फक्त पेन तिच्याकडे केलं. त्यांच्या सहीखाली अजून दोन ओळींची जागा होती. लेकीने लिहिलं: तपासनीस मी. तिचे उत्तर न वाचता गुण कापले. मग सही करून ती घाईने पायऱ्या उतरली, कारण पाच वाजायला दीडच तास उरला होता.