तूरडाळीच्या पुडीवरचा चेहरा

राखी आडेने अर्जासोबत जे पत्र पाठवलं होतं त्यात एकच वाक्य खोटं होतं, आणि मुलाखतीत प्रेरणा मॅडमनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं.

"'सोबतची तिन्ही चित्रं मी फक्त शब्दांतून तयार केली आहेत, कोणाचाही फोटो वापरलेला नाही,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मान वर केली. "हेच पाह्यजे आपल्याले. जाहिरातीत आम्ही हेच मागतलं होतं."

राखीने हसण्याचा प्रयत्न केला.

यवतमाळात दारव्हा रोडवर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रेरणा मॅडमचा स्टुडिओ. डाळ, तिखट, पापड असल्या मालाच्या पुड्यांचं डिझाइन तिथे होतं. पूर्वी पुडीवरच्या चित्रासाठी फोटोग्राफर बोलवायचे. आता चित्र मशीन काढतं. पण मशीनला काय काढायचं ते शब्दांत सांगावं लागतं, त्यालाच प्रॉम्प्ट म्हणतात, आणि ते लिहायला त्यांना एक नवखं माणूस हवं होतं. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरून बीए झालेल्या राखीला वाटलं, शब्द तर आपल्याला येतात. तूरडाळीच्या पुडीसाठी तीन चित्रं आणि एक पत्र, एवढंच मागितलं होतं.

शब्द येत होते, मशीन ऐकत नव्हतं. 'बंजारा म्हातारी' म्हटलं की ते सिनेमातली बाई काढायचं, गुळगुळीत गालांची, नुकतीच पार्लरमधून आल्यासारखी. राखीने शब्द बदलून बदलून पाहिले. अर्जाची मुदत संपत आली तशी ती रडकुंडीला आली. मग तिने शेजारच्या सुखीबाईचा तांड्यावरच्या एका लग्नात काढलेला फोटो मशीनला नमुना म्हणून दिला. पहिल्याच फटक्यात चित्र असं उतरलं की राखी बघतच राहिली. सुपात डाळ पाखडणारी सुखीबाई, चुलीपुढची सुखीबाई, बांधावर हसणारी सुखीबाई. एवढं चांगलं हाती आल्यावर खरं लिहायचा धीर कुणाला होतो?

"पुंडलिकराव तं पागल झाले हे पाहून," मॅडम म्हणाल्या. पुंडलिकराव म्हणजे त्यांचं डाळमिलवालं गिऱ्हाईक. मुलाखतीआधीच चित्र त्यांना दाखवून मोकळं व्हायची घाई मॅडमनी केली होती. घाई त्यांच्या अंगातच होती. "म्हणे, हाच चेहरा पाह्यजे, दुसरा नको."

बाजूला धम्मरत्न बसला होता. स्टुडिओतली सगळी चित्रं त्याच्याच हाताखालून जायची. त्याने तिन्ही छापील चित्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"तिन्हीत चेहरा एकच कसा?" त्याने शांतपणे विचारलं. "शब्द तेच ठेवले तरी मशीन दर वेळी नवी बाई काढते. अन् हनुवटीवरचं हे गोंदण पहा. तीन ठिपके, डावा जरा खाली. तिन्ही चित्रांत तस्संच."

राखीने चित्रांवरून नजर काढून घेतली.

"सीड नंबर तोच ठेवला असन," मॅडमच पुढे सरसावल्या. चित्राची सुरुवात मशीन ज्या आकड्यावरून करतं तो सीड; तो तोच ठेवला की चित्रं थोडीफार सारखी येतात. "हो ना राखी?"

बसायची ढब बदलली की निव्वळ सीडवर चेहरा टिकत नाही, हे धम्मरत्नला पक्कं ठाऊक होतं आणि राखीलाही. पण मॅडमनी दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. धम्मरत्नने एक कागद तिच्यापुढे सरकवला. चित्रात कुठल्याही खऱ्या व्यक्तीचा चेहरा नाही, असं हमीपत्र. पुडी छापायला जाण्याआधी ते सहीनिशी लागायचं.

राखीने पेन उचललं. एकदा छपाईचे साचे तयार झाले की हा चेहरा लाखो पुड्यांवर जाणार, आणि सुखीबाईला तो किराणा दुकानात टांगलेला दिसणार. पेन हातात तसंच राहिलं.

"फोटो टाकला होता, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या काकी आहेत. त्यायले माहीत नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या रागावतील असं राखीला वाटलं. पण त्यांनी दुसराच कागद काढला, संमतीपत्राचा. "मंग संमती घे त्यायची. पैसे देऊ आपण. लाव फोन. स्पीकरवर टाक. होकार आला तं नोकरी तुही, अन् पत्रातलं हे वाक्य मी वाचलंच नाही."

राखीने फोन लावला. सुखीबाईने उचलला तेव्हा मागे शेळी ओरडत होती.

"काकी, मराठीत बोला, मॅडम ऐकून राह्यल्या," राखी म्हणाली आणि सगळं सांगितलं. न विचारता फोटो वापरला, हेही सांगितलं.

"डाळीच्या पुडीवर? मी?" मग ती खुदकन हसली. मॅडमनी हळूच मूठ आवळली.

"अन् का व बाई, डाळ संपल्यावर पुडीचं काय करतेत लोक?"

मॅडमनी हाताने खूण केली, सांग काहीतरी. जपून ठेवतात म्हण. राखीला दिग्रसच्या बसस्टँडमागची नाली दिसत होती. प्लॅस्टिकच्या पुड्यांनी तुंबलेली, त्यावरून माणसं चालत जायची.

"फेकून देतात, काकी."

"मंग नको," सुखीबाई म्हणाली. "मह्या तोंडावर पाय देतीन लोक. नको व बाई." आणि फोन ठेवला.

धम्मरत्नने तिन्ही चित्रं गोळा करून उपडी ठेवली.

"पत्रात तुले खोटं लिहाले जमलं," मॅडम थंडपणे म्हणाल्या, "अन् तिले सांगाले नाही जमलं?"

राखीजवळ याला उत्तर होतं, पण ते मॅडमना आवडलं नसतं.

"पुंडलिकरावले काय सांगू मी आता? जा तू. असं माणूस मले परवडत नाही."

"राखी," धम्मरत्न मागून म्हणाला, "फोटो अन् चित्रं, दोन्ही डिलीट कर." तिने त्याच्यासमोरच डिलीट केली. नोकरी गेली होती, ते कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं. घरी बापाला तिने होईलच असं सांगून ठेवलं होतं.

जिना अर्धा उतरली तोच फोन वाजला. सुखीबाई. या वेळी ती आपल्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीत बोलत होती, घाईघाईने, धाप लागल्यासारखी.

तिला मागाहून सुचलं होतं. आपण नाही म्हटलं म्हणून पोरीची नोकरी तर जाणार नाही ना? तसं असेल तर लाव माझं तोंड, ती म्हणत होती. देऊ देत लोकांना पाय. या वयात माझ्या तोंडाचं काय एवढं मोठं! तुझं चांगलं होऊ दे. सही कुठे करायची ते सांग.

वर स्टुडिओचं दार अजून उघडंच होतं. मॅडम कुणाला तरी फोनवर समजावत होत्या, त्यांचा आवाज जिन्यात येत होता. चार पायऱ्या चढून गेलं की झालं असतं.

राखीने जिन्याचा कठडा घट्ट धरला. डोळे भरून आले होते, आवाज मात्र तिने साफ ठेवला.

"नाही काकी, सहीचं काम नाही," ती आपल्या बोलीत म्हणाली. "मला लागली नोकरी."