नऊशे फूट

तीन फ्लॅटचा तक्ता मी केला होता: कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, फुटाचा भाव, मजला, सोयी आणि बँक किती देईल. आमच्या दोघांच्या पगारावर बँक चोपन्न लाखांच्या पुढे सरकत नव्हती.

रावेतचा ६४० फूट, अडुसष्ट लाख, म्हणजे फुटाला १०,६२५. सातवा मजला, जिम, तरणतलाव. पुनावळ्याचा ६१० फूट, भाव १०,५००, अकरावा मजला. आणि वाकडचा जुना फ्लॅट, दुसरा मजला, मोठी लिफ्ट, ९०० फूट, साडेसदुसष्ट लाख, फुटाला साडेसात हजार. ही ओळ मी हिरवी केली.

मला जिम नको होती. अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, चाकांची खुर्ची खोलीत वळायला हवी होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दोन वर्षं ते भाड्याच्या घरात हॉलमध्येच झोपतात आणि पाहुणे आले की डोळे मिटून पडून राहतात. मला ते बघवत नाही.

पण ती हिरवी ओळ मला सकाळपासून टोचत होती. इतकं स्वस्त कसं? बघायला गेलो तेव्हा भाडेकरूंची कपाटं होती, म्हणून जागा लहान वाटली, असं माझा नवरा निनाद म्हणाला. शेवटी ऑफिसातून येताच एजंट घोलपांना फोन लावला.

"घोलपसाहेब, ते नऊशे कार्पेटच ना?"

"नाही हो मॅडम! नऊशे सेलेबल. जिना, लॉबी सगळं धरून. कार्पेट सहाशे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एरिया विचारलात, मी एरिया सांगितला."

साडेसदुसष्ट लाख भागिले सहाशे. अकरा हजार दोनशे पन्नास. सगळ्यात स्वस्त म्हणून रंगवलेला फ्लॅट तिन्हींत महाग निघाला, आणि लहानही. नऊशेचा आकडा कार्पेटच्या रकान्यात मीच भरला होता.

"निनाद, टोकन देऊ नकोस!"

तो स्वयंपाकघराच्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. "दुपारीच दिलं. एक लाख. तुझ्या तक्त्यात हिरवा होता ना."

मी फोनवरच घोलपांना विचारलं. व्यवहार आपण मोडला तर टोकन परत मिळत नाही.

"घेऊन टाकू," निनाद पुटपुटला. "लाख रुपये पाण्यात कसे घालायचे?"

"आणि खुर्ची?"

हॉलमधून अप्पांचा अडखळता आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सूनबाई, घ्या तोच. मला वळून जायचंय कुठं? पडूनच तर असतो."

निनादने पुडा ओट्यावर ठेवला आणि तोंड फिरवलं.

मी लॅपटॉप उघडला. वाकडची ओळ पुसली.

"लाख गेले," मी म्हणाले. "अप्पा, उद्या रावेतला तुम्ही पण यायचं. खुर्चीसकट."