गाळलेली ओळ

नात पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावरून मी अक्षरं शिकलो. तोवर माझं वय पन्नाशीपार आणि हातात फक्त सुताराचा रंधा नि पटाशी. म्हणून काहीही लिहिलं की ती आधी मला दाखवायची.

यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिला फर्निचर रचनेचा ऐच्छिक विषय हवा होता. जागा सोळा, अर्ज तिसाच्या वर. त्यात आधी कार्यशाळेचा विषय झालेला असावा, ही अट. दुसऱ्या कॉलेजातून आल्यामुळे तो तिचा झाला नव्हता. अट माफ करा, अशी मेल फर्निचरचा विषय शिकवणाऱ्या बाईंना पाठवायची होती. मुदत शुक्रवारपर्यंत.

गुरुवारी दुकानात तिने मला ती वाचून दाखवली. "चार वर्षं मी आजोबांच्या सुतारकामाच्या दुकानात काम करते. सांधे हाताने कापते. फोटो जोडले आहेत."

"हे काढ," मी म्हणालो.

"का हो आबा?"

"अगं, आपली टिमकी आपणच वाजवायची का? आणि सुताराचं दुकान म्हटलं की हसतील. नम्रपणे लिही. विषयाची फार आवड आहे, संधी द्यावी, उपकार विसरणार नाही."

"आबा, हा अर्ज आहे, भीक नाही."

"मोठ्या माणसांपुढे वाकलं तर कंबर मोडत नाही, चिंगे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती ओळ गाळली, फोटो काढले, आणि मेल पाठवली.

शनिवारी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, आवड सगळ्यांनाच आहे. कार्यशाळेच्या विषयाच्या तोडीचं काम केल्याचं काही तुमच्या मेलमध्ये नाही, म्हणून अट माफ करता येत नाही.

चिंगीने तेव्हाच गाळलेली ओळ आणि फोटो पुन्हा पाठवले. सोमवारी दुसरं उत्तर आलं. ते मी स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर.

"काम उत्तम आहे. हे शुक्रवारी माझ्यासमोर असतं तर अट नक्की माफ केली असती. आता यादी लागली आहे. कार्यशाळेत टेबलं सोळाच आहेत, सतराव्याला उभं करता येणार नाही. विषय पुढच्या वर्षी आहे."

पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसेल.

"बाई हसल्या नाहीत गं," मी म्हणालो.

"नाही हसल्या."

"मला बोल तरी काहीतरी."

"काय बोलू? तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं. चूक दोघांची." तिने खुंटीवरची करवत काढली. "ती फळी धरा. हलवू नका."

मी धरली. कुठे कापायचं, ते तिनेच ठरवलं.