काउंटर दोन ते काउंटर तीन

एक. पाचशेच्या बावीस गड्ड्या एका बाकड्यावर ठेवल्या तर शेजारी एकच बाई बसू शकते.

दोन. अंगठ्याची शाई खोबरेल तेलाने निघते.

तीन. मशीन आली तेव्हा ड्रायव्हर उदेलालने तिला हार घातला, तो कापणीच्या पट्ट्यात अडकला.

चार. "रोख? रोखच ना? मग झालं," असं म्हणणाऱ्या माणसाला इन्कम टॅक्समधलं काहीही माहीत नसतं.

पाच. पडद्यावर साहेबाच्या जागी काळा चौकोन.

सहा. दोन एकर.

---

नोटीस (सोप्या भाषेत)

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातला खुमेंद्र भाड्याने धानकापणी करून देतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने जुना हार्वेस्टर घेतला. त्यासाठी त्याच्या बचत खात्यात एकाच दिवशी अकरा लाख रोख जमा झाले. दहा लाखांच्या वर गेलं की बँक वर, इन्कम टॅक्सला कळवते. वरून प्रश्न आला, पैसे कुठले?

खुमेंद्रने आनंदाने उत्तर दिलं. आत्याकडून उसने घेतले, रोख. आत्याची जमीन महामार्गात गेली, मोबदला तिच्या खात्यात आला, हे पासबुक. सगळं खरं. साहेबांनी ते खरं धरलं.

मग दुसरी नोटीस आली. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, कलम २६९ एसएस. घेतली तर दंड. दंड किती? जेवढी घेतली तेवढाच. अकरा लाख.

खुमेंद्रने हिशेब केला. दंड भरायचा तर हार्वेस्टर विकावा लागेल. विकला तर आत्याचे राहिलेले पैसे फेडायला काही उरणार नाही.

---

गोंदिया, सीए प्रेरणा यांचं ऑफिस

"म्हणजे मी खरं सांगितलं म्हणून दंड?"

"खरं सांगितलंत म्हणून पैसे तुमच्या उत्पन्नात धरले नाहीत. दंड रोख घेतल्याचा आहे, तो वेगळा."

"मग ते उसने नव्हतेच, आत्यानं बक्षीस देल्ले, असं लिहा."

"दोन लाख किंवा वर रोख बक्षीसही घेता येत नाही. दंड तेवढाच. शिवाय ते खोटं आहे."

"आन् आत्या ऐकली तर मले सोडणार नाही."

"शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून घेतले तर सूट असते. पण दोघांपैकी कोणाचंच करपात्र उत्पन्न नको. आत्यांचं नाही. तुम्ही मात्र मशीनच्या धंद्याचं रिटर्न भरता."

"भरायलेच नको होतं."

"भैया, ये मेरे ऑफिस में मत बोलो." प्रेरणाने कागद पुढे ओढला. "एकच वाट आहे. रोख का घ्यावी लागली, याचं पटेल असं कारण द्यायचं. काऊन घेतली?"

खुमेंद्रने पिशवीतून बँकेच्या दोन पावत्या काढून टेबलावर ठेवल्या.

"आत्या तशीच देते," तो म्हणाला.

---

कागद, जे होते

पैसे काढल्याची पावती, काउंटर दोन, ११.१०. पाचशेच्या २,२०० नोटा. तुलसाबाईंचा डाव्या हाताचा अंगठा.

पैसे भरल्याची पावती, काउंटर तीन, १२.५५. पाचशेच्या २,२०० नोटा. खुमेंद्रची सही.

तीच बँक, तीच शाखा, तोच दिवस. पैशांनी सहा पावलं प्रवास केला होता. मधले पावणेदोन तास आत्या बाकड्यावर बसून मोजत होती. तिला शंभरापर्यंत येत होतं, आणि गड्डीत शंभरच असतात. बावीस वेळा शंभर. चौदाव्या गड्डीला कोणीतरी रामराम केला, तर तिने ती पहिल्यापासून मोजली.

प्रेरणा पहिल्यांदा हसली. "हे चांगलं आहे. अंगठेबहाद्दर खातेदार, चेकबुक नाही. आत्यांचं प्रतिज्ञापत्र करू."

---

प्रतिज्ञापत्र, मसुदा पहिला

तुलसाबाईंच्या ओसरीवर प्रेरणाने वाचायला सुरुवात केली. "मी, तुलसाबाई, वय अडुसष्ट, व्यवसाय शेती, निरक्षर असून..."

"कोण?"

"तुम्ही, आजी."

"मी काऊन निरक्षर?"

"आत्या, लिहू दे नं," खुमेंद्र म्हणाला. "अकरा लाखाचा सवाल आहे."

"मंग तुझं नाव लिही तिथं. पेन दे इकडे." तिने वहीच्या मागच्या पानावर सही केली. त मोठा, ल त्याहून मोठा, आणि सा ओळ सोडून खाली उतरलेला. "हे काय अंगठा आहे?"

प्रेरणाने पेन खाली ठेवला. सगळं कारण ज्या शब्दावर उभं होतं, तो शब्दच समोर बसून सही करत होता.

"आत्या, तू कधी शिकली?"

"तू मशीन घेऊन छत्तीसगडात हिंडून राहिला होता तवा. शाळेच्या बाईनं वर्ग लावला. परीक्षा देल्ली मी." ती आत गेली आणि भिंतीवरची चौकट काढून घेऊन आली. "वाचता येते नं? वाच."

साक्षरता चाचणी, उत्तीर्ण. परीक्षा मार्च २०२४.

प्रेरणाने बोटांवर मोजलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. "आजी, ही चौकट दोन दिवस मला द्या."

"कायले?"

"डिसेंबरात तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे सांगणारा सरकारी कागद आहे हा."

"हा येते म्हणून सांगते."

"तेच."

आत्याला ते अजिबात पटलं नाही. तिने झेरॉक्स काढून आणायला सांगितलं, आणि सोबत जायला खुमेंद्रची बायको रुचि हिला पाठवलं.

दुसऱ्या मसुद्यात 'निरक्षर' नव्हतं. 'त्या वेळी मला लिहिता-वाचता येत नव्हतं. आता येतं,' असं होतं. 'आता येतं' याच्याखाली आत्याने रेघ मारून घेतली.

---

सुनावणी, व्हिडिओवर

"माणूस कुठं आहे?" आत्याने विचारलं.

"कॅमेरा बंद आहे, आजी. हळू बोला."

काळा चौकोन हिंदीत बोलला. कागद पाहिले, म्हणाला. एकच शंका होती. खाती एकाच शाखेत होती. अंगठा लावूनही पैसे खात्यातून खात्यात गेले असते. बँकेने तसं सांगितलं नव्हतं का?

प्रेरणा म्हणाली, "सर, खातेदार वयस्कर..."

"सांगतलं होतं," आत्या म्हणाली.

खुमेंद्रने डोळे मिटले.

"कॅशिअर कुशल चांगला पोरगा आहे. म्हणे, मावशी, ह्या फारमवर अंगठा लाव, पैसा आपोआप जाते. मी म्हटलं, नाही."

"क्यों नहीं, माताजी?"

"माझे मालक गेले त्या वर्षी दीर एक कागद घेऊन आला. म्हणे, वारसाचा आहे, अंगठा लाव. लावला. दोन एकर त्याच्या नावानं गेलं. मंग मी ठरवलं, जे वाचता येत नाही त्यावर अंगठा नाही. पैसे काढायची चिठ्ठी लहान राहते, ओळखीची. तो फारम मोठा होता. नोट मले ओळखता येते साहेब, फारम नाही येत."

चौकोनातून कळफलकाचा आवाज आला.

"इसका कोई रिकॉर्ड है?"

"सातबारा आहे. फेरफार आहे. आणू?"

"अपलोड कर दीजिए."

सुनावणी संपली तेव्हा खुमेंद्र म्हणाला, "आत्या, हे तू मले कधी सांगतलं नाही."

"तू कधी विचारलं? तू तं म्हटलं, आत्या मोजणं लवकर कर, मशीनचा दलाल थांबला आहे."

---

आदेश

आदेश सात पानांचा आला, इंग्रजीत. व्यवहार खरा, पैशाचा माग खात्यापासून खात्यापर्यंत स्पष्ट, पैसे देणाऱ्या महिलेने रोखीचा आग्रह का धरला याचं वाजवी कारण कागदांनी सिद्ध. दंडाची कारवाई रद्द.

आत्याने सातही पानं उलटून पाहिली. त्यात मराठी अक्षर एकही नव्हतं.

"एवढा शिकलेला माणूस," ती म्हणाली, "आन् मराठी येत नाही."

मग खुमेंद्रने दुसऱ्या एका कागदावर तिची सही मागितली. राहिलेली रक्कम खात्यातून हप्त्याने फेडायची, असा तो करार होता. तिने तो आधी मोठ्याने वाचला. दीड पानाला चाळीस मिनिटं लागली. तिसऱ्या ओळीत हप्ता कमी लिहिला होता, तो तिने दुरुस्त करून घेतला आणि मग सही केली.

हे पैसे ज्या धानाच्या बांधीचे होते, महामार्गात गेलेल्या त्या बांधीत तुलसाबाई दर हिवाळ्यात लाखोळीची डाळ पेरत.