पुसलेल्या शुभेच्छा

मामीने, म्हणजे लंबूच्या आईने, यंदा कायदाच केला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी लंबूला कोणीही शुभेच्छा द्यायच्या नाहीत. ना फोनवर, ना दारात, ना खिडकीतून.

कायदा करायला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळं गणगोत त्या पोरावर तुटून पडलं. कोणी लिहिलं, 'घराण्यातला पहिला डॉक्टर!' कोणी लिहिलं, 'आजोबा वरून बघतायत.' एका काकांनी तर आपल्या गुडघ्याची तक्रारही जोडली, जणू दवाखाना सोमवारपासूनच सुरू होणार होता. लंबूने प्रत्येकाला 'धन्यवाद' लिहिलं, मग रात्रभर छताकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसून पहिलाच प्रश्न वाचत राहिला. वाचत राहिला म्हणजे वाचतच राहिला. थोड्या गुणांनी जागा हुकली. काकांचा गुडघा होता तसाच राहिला.

यंदा दुसरी खेप. पण सगळंच बंद करायला लंबूने नकार दिला. "एकदम शुकशुकाट झाला तर वाटेल, सगळे दबा धरून बसलेत," तो आईला म्हणाला. "ताईचा एक मेसेज चालेल. ती फार बोलत नाही."

ताई म्हणजे त्याची आतेबहीण; लंबूची आई तिची मामी. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. माणसं डोळे तपासायला येतात आणि पास व्हायला बघतात, हे तिला पाठ होतं. न दिसणारी ओळसुद्धा अंदाजाने ठोकून देतात, आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातात. अशा बाईला दोन ओळी लिहायला कितीसा वेळ?

संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर तिने फोन हातात घेतला. गल्ल्याजवळ तिची आई काचा पुसत बसली होती. लंबूची सख्खी आत्या. तिच्यावरही बंदी होती, म्हणून ती काचा जरा जास्तच जोरात पुसत होती.

ताईने लिहिलं, 'तू नक्की पास होणारच, मला शंभर टक्के खात्री आहे.' पाठवून टाकलं. मग वाचलं. चष्मा नाकावर चढल्याशिवाय कसा दिसतो ते कळत नाही, तसं तिला मेसेज गेल्याशिवाय वाचताच येत नसे. म्हणजे नाही झाला पास, तर माझी खात्रीही याच्याच डोक्यावर फुटणार! तिने घाईने पुसून टाकलं.

मग लिहिलं, 'अजिबात टेन्शन घेऊ नकोस.' हे बरं वाटलं. मग आठवलं, गिऱ्हाइकाला 'पापणी हलवू नका' म्हटलं की ते हमखास पापणी हलवतं. पुसलं.

"काय लिहिलंस गं?" आई म्हणाली. "आजोबांचं नाव घाल. एवढं तरी घाल."

"आजोबांनी गेल्या वर्षी पुरेसं काम केलंय, आई."

तिसऱ्यांदा तिने विचार करून लिहिलं, 'निकाल काहीही लागला तरी आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत.' गेलं. वाचलं. अगंबाई! हा पोरगा अजून परीक्षेला बसला नाही आणि मी सांत्वनाला पोचले! पुसलं.

ताई आजवर मोजकं बोलत आली होती आणि बोलली त्यावर ठाम राहत आली होती. पाठवलेलं पुसायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्यामुळे पुसलं की मागे काही उरत नाही, असा तिचा भाबडा समज होता. तो लगेचच मोडला. फोन वाजला. लंबू.

"ताई, खरं सांग. परीक्षा पुढे ढकलली ना?"

"कोण म्हणालं?"

"मग घरात काही झालंय का? आत्याला बरं नाही का? आत्ता फोन उघडला तर तुझ्या नावाखाली 'मेसेज पुसला आहे', 'मेसेज पुसला आहे', 'मेसेज पुसला आहे'. तीनदा! तू तर आयुष्यात कधी खाडाखोड करत नाहीस. काय लपवतेस?"

तो एका दमात विचारत सुटला होता. ताईला वाटलं, संपलं. वर्षभराची मेहनत, मामीचा कायदा, पोराची आजची झोप, सगळं आपल्याच हातून पाण्यात. थाप मारावी तर हा आणखी घाबरणार. तिने सरळ कबुली दिली.

"अरे बाबा, शुभेच्छा देत होते."

"आणि पुसत होतीस?"

"जमेचनात. पहिल्यात मी तुझी हमी घेतली होती. तुला न विचारता."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात टेन्शन घेऊ नकोस म्हटलं."

"मला काल कोचिंगच्या सरांनी तेच सांगितलं. लगेच आलं."

"बघ! आणि तिसरा... तिसऱ्यात, निकाल काहीही लागला तरी आम्ही सोबत आहोत."

"ताई! ही तर शोकसभा झाली!"

आणि लंबू हसला. हसला तो थांबेना. मागून आत्याने तोंड घातलं, "मी सांगत होते आजोबांचं नाव घाल, ऐकेल तर शपथ!" तसा तो आणखीच फुटला. ताईलाही हसू आवरेना.

हसणं ओसरलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, पण पुन्हा नाही झालं तर?"

'होणारच' हा शब्द ताईच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "तसं झालं तर तेव्हा डोकं खाजवू, दोघं मिळून. पण उद्याच्या पेपरात हा प्रश्न नाही."

"अभ्यासक्रमातच नाही," तो म्हणाला. आवाज मोकळा झाला होता. "बरं, सुटल्यावर न्यायला तू येशील का? आई आली तर फाटकातच विचारेल, कसा गेला."

"येते. आणि तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. प्रवेशपत्र, फोटो बॅगेत टाकलेस?"

"टाकले. ओळखपत्रही. चल, ठेवतो."

फोन ठेवल्यावर ताईने चौथ्यांदा लिहायला घेतलं. आता शब्द शोधावे लागले नाहीत. 'उद्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी स्कूटर घेऊन उभी असेन. पेपर कसा गेला विचारणार नाही, तू सांगितलंस तर ऐकेन. येणारे प्रश्न आधी सोडव, अडलेला सोडून पुढे जा. याला उत्तर लिहू नकोस. ताई.'

पाठवलं. वाचलं. पुन्हा वाचलं. एखादा शब्द इकडचा तिकडे करावा, असं बोटांना वाटलं, पण तिने बोटं टेबलाखाली नेली.

"पोचला का?" आईने विचारलं.

"एकच टिक दिसतेय."

"म्हणजे नाही पोचला! फोन कर, फोन कर मामीला."

करायची गरज पडली नाही, मामीचाच आला. "काय गं बोललीस त्याला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "हसत हसत बाहेर आला, फोन बंद करून माझ्या हातात दिला, पोटभर जेवला आणि आडवा झाला. आताच घोरायला लागलाय. गेल्या वर्षी..."

"मामी, गेल्या वर्षीचं राहू दे. झोपू दे त्याला."

ताईने फोन ठेवला. आई अजून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मग? मेसेजचं काय?"

"पोचला," ताई म्हणाली, आणि दुकानाचे दिवे मालवायला उठली.