परतीची बोली

ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या थोरलीने धाकट्या बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानात अर्धी खोली घेऊन पुस्तकं विकायचं ठरवलं. कपाटं करून हाताशी साठ हजार उरले होते.

वितरक म्हणाला, "रोखीने घ्या, चाळीस टक्के सूट, पण खपली नाहीत तर तुमच्या गळ्यात. परतीच्या बोलीवर पंचवीसच. उरलेली तीन महिन्यांत परत करा."

"ताई, दोनशेच्या पुस्तकामागे तीस सोडायचे?" धाकटीने विचारलं.

"गल्ली काय वाचते ते मला कुठे ठाऊक आहे? ते कळायची फी समज."

थोरलीने परतीची बोली घेतली आणि कोण काय चाळतं ते रोज निरखत बसली. तीन महिन्यांनी तिने छातीठोकपणे निवडलेल्या कादंबऱ्या बहुतेक परत गेल्या. बालगोष्टी आणि, का कोण जाणे, गच्चीवरच्या बागेची पुस्तकं मात्र हातोहात संपली होती. मापं द्यायला आलेली माणसंच ती नेत होती.

तेवढी दोन कपाटं तिने चाळीसच्या बोलीवर भरली. बाकीची पंचवीसवरच ठेवली आणि त्यांत यावेळी प्रवासवर्णनं लावून पाहिली.