सुपारीएवढे गुलाबजाम

भरतेशमामांना ज्यातलं काही कळत नाही, त्याबद्दल ते जास्त मोठ्या आवाजात बोलतात. ते माझ्या नवऱ्याचे, सम्मेदचे मामा. त्यांच्या मुलीचा साखरपुडा सांगलीजवळच्या त्यांच्या घरी होता आणि गुलाबजाम मी करणार होते. घराबाहेरची माणसं माझ्या हातचं पहिल्यांदाच खाणार होती. मला मिठाईचा धंदा काढायचा होता. मामांनी घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "जामून फसलं तर धंद्याचं नाव काढायचं न्हाई. सम्मेदच्या दुकानात गुमान पुड्या बांधायच्या."

मी म्हटलं, "चालंल."

पुड्या बांधून बांधून मला त्या दुकानाचा वीट आला होता.

त्या दिवशी खवाच उशिरा आला. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, त्यामुळे पंगत उन्हं असतानाच उठायला हवी. मामांचा जीव खालीवर व्हायला लागला. मी मात्र परातीत खवा घेऊन तळहाताने रगडत बसले. एकही कणी राहता कामा नये.

"कणीक मळतीस तसं जोर लावून मळ की, लवकर हुईल!" मामा दारातून ओरडले.

"कणकेगत मळलं तर मैद्याला चिकटी येती, मग जामून चिवट हुतोय," मी म्हटलं. खवा लोण्यासारखा झाल्यावर त्यात मैदा आणि चिमूटभर सोडा घातला, दुधाचा हबका मारला आणि हलक्या हाताने नुसतं गोळा केलं. ओलं फडकं टाकून थोडा वेळ ठेवलं. तेवढ्यात पाक केला, हाताला चिकट लागेल इतपतच. तार येऊ दिली नाही, कारण घट्ट पाक आत शिरत नाही.

वेळ कमी होता, म्हणून मी आणि सासूबाई, पद्मावती त्यांचं नाव, सुपारीएवढ्याच गोळ्या वळायला लागलो. लहान गोळी आतपर्यंत लवकर तळते आणि लवकर मुरते. मामांनी ते पाहिलं आणि व्याह्यांपुढे शोभा होईल म्हणून ते भडकले.

"याह्यांच्या ताटात गोट्या वाढू व्हय? लिंबाएवढं कर!"

"लिंबाएवढं आता मुरणार न्हाई, मामा."

"मग गॅस मोठा कर!" म्हणत त्यांनी माझ्या कढईखालचा जाळ स्वतःच वाढवला.

मी शेगडी बंद केली. पाव्हण्यारावळ्यांचं घर, थोरांचा मान, सगळं मला कळत होतं. पण माझा रागही काही लहान नव्हता. "मोठ्या जाळावर तळायचं असंल तर दुसरी शेगडी घ्या आन् झारा तुमी धरा. या कढईला हात लावायचा न्हाई."

सासूबाई गोळ्या वळता वळता म्हणाल्या, "भरतेश, सरक तिकडं."

मामांनी खरंच अर्धं पीठ उचललं, लिंबाएवढे गोळे वळले आणि दुसरी कढई मांडली. मी माझं तूप निवू दिलं, मग एक कण टाकून पाहिला. तो तळाला गेला, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला. तेवढ्याच आचेवर घाणा सोडला आणि गोळ्यांना न डिवचता झाऱ्याने तूपच फिरवत राहिले. रंग हळूहळू, सगळीकडून सारखा चढला. निथळून पाकात टाकले. पाक असा गरम की बोटाला चटका बसावा, पण सोसवावा.

मामांचे जामून बघता बघता काळपट झाले. त्यांनी ते खळखळ उकळत्या पाकात टाकले, म्हणजे लवकर मुरतील. सगळ्यांच्या साली सुरकुतल्या.

तरी व्याह्यांच्या पंगतीत त्यांनी स्वतःचेच वाढायला लावले. माझे मागच्या पंगतीला. मला रडू आलं. पण रडत बसले असते तर पुड्या ठरलेल्याच होत्या. पातेलं उचलून मी सरळ व्याह्यांच्या पंगतीत गेले.

नवऱ्या मुलाचे आजोबा, आदगोंडा आज्जा, तोंडात दात नसलेले. त्यांनी मामांच्या जामुनात चमचा रोवला. वरची साल फाटली आणि आतून पिठूळ, कोरडी गाठ निघाली. आज्जांनी मामांकडे पाहिलं. "भरतेश, हे चावायचं कुनी रं?"

मी त्यांच्या ताटात माझे दोन टाकले. आज्जांनी एक नुसत्या जिभेने टाळूवर दाबला. पाक हनुवटीवर आला. "आनखी घाल," ते म्हणाले. "कुनी क्येलंय हे?"

"म्या," मी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

मग दोन्ही पंगतींत पातेलं फिरलं. तळ दिसायला लागला, पंगती उठल्या आणि तेवढ्यात दिवस मावळला. वाढण्याच्या गडबडीत मामा जेवायचे राहिले होते, आणि आता ते अन्नाला शिवणार नव्हते. ते पातेल्यापाशी येऊन उभे राहिले. आत पाच-सहा जामून पाकात टम्म फुगले होते.

"आवं मामा, सकाळी दिवस उगवल्यावर खावा," मी झाकण घातलं. "रातभर मुरून लय मऊ हुतील. आन् दुकानातल्या पुड्यांचं तुमच्या भाच्याला सांगा. त्याला बांधता येत्यात."